पॅनेलची नळी गरम, टाकी मात्र कोमट

सौर बंब नीट चालतो का, हे पाहायला बहुतेक लोक गच्चीवर जाऊन पॅनेलच्या वरच्या नळीला हात लावतात. चटका बसला की समाधान होते. या चाचणीवर माझा फारसा विश्वास नाही. का, ते सांगतो.

पुण्यातली जानेवारीतली स्वच्छ सकाळ घ्या. शंभर लिटरची टाकी आणि दोन चौरस मीटरचे सपाट काचेचे पॅनेल. ऊन दर चौरस मीटरला 800 वॅट, म्हणजे पॅनेलवर 1600 वॅट पडतात. काच थोडे ऊन परतवते, काळा पत्राही सगळे शोषत नाही, त्यामुळे साधारण सत्तर टक्केच, म्हणजे 1120 वॅट, हाती लागतात. आत येणारे पाणी आणि बाहेरची हवा दोन्ही 20 अंशांवर असल्याने गळती नगण्य धरू. पॅनेलमधून तासाला 40 लिटर पाणी फिरत असेल, तर ते 24 अंशांनी तापून 44 अंशांवर बाहेर पडते.

दुपारी टाकीतून खाली येणारे पाणीच 50 अंशांचे असते आणि हवा 25 अंशांची. ऊन तेवढेच धरले, तरी आता पॅनेल स्वतःच हवेला उष्णता देऊ लागते. चांगल्या पॅनेलमध्ये ही गळती अंशामागे, चौरस मीटरमागे पाचेक वॅट असते. 25 अंशांच्या फरकाला 250 वॅट गेले, 870 उरले. कार्यक्षमता सत्तर टक्क्यांवरून चोपन्नवर आली, पण बाहेर पडणारे पाणी मात्र 69 अंशांचे! हात लावणाऱ्याला दुपारचे पॅनेलच सरस वाटणार.

खरी फसगत बोअरच्या पाण्याने होते. त्यातले क्षार तांब्याच्या बारीक नळ्यांत आतून बसतात आणि प्रवाह मंदावतो. तो निम्मा, तासाला 20 लिटर, झाला असे समजा. पाणी पॅनेलमध्ये जास्त वेळ थांबते, पत्रा अधिक तापतो, गळती वाढते. दुपारच्या त्याच हिशेबात 870 ऐवजी सुमारे 780 वॅटच पाण्याला मिळतात, पण वरची नळी ऐंशी अंशांच्या वर जाते. नळ्या पुरत्याच बुजल्या, तर पत्रा शंभरी ओलांडतो आणि टाकीत काहीच पोहोचत नाही.

म्हणून दुपारी पाणी काढलेले नसताना, उन्हात दोन्ही नळ्यांना हात लावा. जपून, फडके घेऊन. वरची भाजते, खालची थंडगार, आणि संध्याकाळी टाकी कोमटच, असे रोज घडत असेल, तर प्रवाह अडला आहे. आधी नळीत हवा अडकली नाही ना, हे पाहावे. तसे नसेल तर माहीतगार माणसाकडून सौम्य आम्लाने क्षार काढून घ्यावेत. काच पुसणे सोपे, म्हणून लोक तेवढेच करतात. या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही.