सुगरा, कुबरा आणि मधलं पद



गल्लीतल्या मकतबात मुलं कुराण वाचायला शिकतात. तिथं तर्कशास्त्र नसतं. ते भेटतं पुढं, आलिम होण्यासाठी मोठ्या मदरशात गेल्यावर, आणि तिथं त्याला मंतिक म्हणतात. लखनौच्या फिरंगी महलचे मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावानं अठराव्या शतकापासून चालत आलेल्या दर्स-ए-निजामी अभ्यासक्रमात मंतिकला मोठी जागा होती. आरंभीच्या पुस्तकांपैकी एक ‘ईसागोजी’. तेराव्या शतकातल्या अबहरी यांचं हे छोटंसं पुस्तक अरबीत आहे, नाव मात्र ग्रीक.

मंतिकमध्ये कियास म्हणजे अशी विधानं, की ती मान्य केली की त्यांतून आणखी एक विधान मान्य करावंच लागतं. आपल्या वर्धा जिल्ह्यातली पराटी घेऊ. पराटी वनस्पती आहे. प्रत्येक वनस्पतीला पाणी लागतं. म्हणून पराटीला पाणी लागतं. पहिलं विधान सुगरा, दुसरं कुबरा आणि निघालं ते नतीजा. नतीजा ज्याच्याविषयी बोलतो ती ‘पराटी’ म्हणजे हद्द-ए-असगर; तिच्याविषयी जे सांगतो ते ‘पाणी लागणं’ हद्द-ए-अकबर. राहिली ‘वनस्पती’. ती दोन्ही विधानांत येते, त्यांना जोडते आणि नतीजात दिसत नाही. ती हद्द-ए-औसत, म्हणजे मधलं पद. सगळी मदार तिच्यावर.

मधलं पद सुगराच्या शेवटी आणि कुबराच्या आरंभी आलं, की ती पहिली शक्ल. तिला दोन अटी आहेत. सुगरा होकारार्थी हवा. ‘गाय वनस्पती नाही, प्रत्येक वनस्पतीला पाणी लागतं,’ एवढ्यावरून गाईला पाणी लागत नाही असं कुणी म्हणालं, तर तिच्यापुढं बादली ठेवून पाहावं! दुसरी अट, कुबरा सरसकट हवा. ‘काही वनस्पती काटेरी असतात’ यावरून पराटीला काटे फुटत नाहीत, कारण त्या ‘काहीं’त पराटी आहे की नाही, ते ठाऊक नाही.

मधलं पद दोन्हीकडे शेवटी आलं, तर ती दुसरी शक्ल. पराटी वनस्पती, बाभूळही वनस्पती. पण एवढ्यावरून पराटी बाभूळ ठरत नाही. या शकलीत एक विधान होकारार्थी आणि दुसरं नकारार्थी असावं लागतं, शिवाय कुबरा सरसकट हवा. तेव्हा तिचा नतीजा नेहमी नकारार्थीच निघतो. दगड वनस्पती नाही, प्रत्येक बाभूळ वनस्पती आहे, म्हणून दगड बाभूळ नाही.

मुळात विधानं खरी आहेत का, हे मात्र शक्ल सांगत नाही. ‘प्रत्येक वनस्पतीला काटे असतात’ हा खोटा कुबरा घेतला, तरी मांडणी निर्दोष राहते आणि पराटी काटेरी ठरते. विधानांचा खरेपणा वेगळा तपासावा लागतो.

एकूण शकली चार. पहिली स्वतःच पटते, तिला वेगळा पुरावा लागत नाही. बाकीच्या बहुधा तिच्यात वळवूनच सिद्ध करतात.