किरकोळ रोकडीचा ताळा



शाळा असो, वाचनालय असो कीं एखादी लहानशी पेढी असो, तिच्या रोकडीचे दोन भाग असतात. मोठी रोकड बँकेंत असते आणि तींतून चेकनें पैसे दिले जातात. धाकटी रोकड कुलूप लावलेल्या पत्र्याच्या पेटींत असते. टपाल, हमाली, रिक्षाचें भाडें, मोडक्या बिजागरीची दुरुस्ती असा बारीकसारीक खर्च या पेटींतून भागवितात. तिचा हिशेब ठेवण्याच्या रूढ रीतीस इम्प्रेस्ट पद्धति म्हणतात. आगाऊ दिलेली उचल, एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ.

ही रीत दिसावयास फार सोपी आहे. प्रारंभीं पेटींत एक ठरीव रक्कम घालावयाची. खर्च होईल तसतशी रोकड कमी होते, आणि तिच्या जागीं तितक्याच रकमेचें व्हाउचर येऊन बसतें. म्हणून कोणत्याहि क्षणीं पेटी उघडली तरी आंतील रोकड आणि आंतील व्हाउचरें मिळून ती ठरीव रक्कम भरलीच पाहिजे. महिनाअखेर व्हाउचरें काढून घ्यावयाचीं, बँकेंतून तेवढी भर आणावयाची, कीं पेटी पुन्हां पहिल्यासारखी भरली. हें सर्व ताळा जमतो तेव्हांचें झालें. तो जमत नाहीं तेव्हां भर किती आणावयाची आणि वह्यांत काय लिहावयाचें, हाच आजचा विषय आहे.

एक उदाहरण घेऊं. एका गांवच्या वाचनालयांत ही ठरीव रक्कम 5,000 रुपये आहे. पेटी संभाळणाऱ्या कारकून बाईंनीं महिनाअखेर रोकड मोजली, ती 1,262 रुपये भरली. किरकोळ खर्चाच्या वहींतील बेरीज होती 3,567. दोहोंची बेरीज 4,829 झाली. म्हणजे 171 रुपये कमी.

अशा वेळीं पहिलें काम लिहिण्याचें नव्हे, शोधण्याचें असतें. आणि शोधालाहि क्रम असतो. प्रथम रोकड दुसऱ्या कोणाच्या तरी देखत पुन्हां मोजावी. ती तितकीच भरली तर वही बाजूस ठेवून प्रत्यक्ष व्हाउचरांची बेरीज करावी. कारण पेटींत पैशाच्या जागीं बसतात तीं व्हाउचरें, वहींतील आंकडे नव्हेत. बाईंनीं तसें केलें तेव्हां व्हाउचरांची बेरीज 3,585 आली. वहीहून 18 जास्त. फरकाला नवानें नि:शेष भाग जात असेल, तर कोठें तरी दोन शेजारच्या आंकड्यांची अदलाबदल झाली असावी, असा जुन्या हिशेबनिसांचा आडाखा आहे. तो नेहमींच खरा ठरतो असें नाहीं. पण येथें ठरला. स्टेशनरीचें 486 रुपयांचें बिल वहींत 468 असें उतरलें होतें. तूट 171 वरून 153 वर आली.

पुढची पायरी उचलींची. शिपायाला सामान आणावयास पैसे दिले, तो अजून परतला नाहीं, आणि चिठ्ठी करावयाची राहिली, हें तुटीचें फार नित्याचें कारण आहे. या वाचनालयांतहि तेंच घडलें होतें. कपाटाच्या किल्ल्या करून आणण्यासाठीं शिपायाला 100 रुपये दिले होते. संध्याकाळीं त्यानें 85 रुपयांचें बिल आणि 15 रुपये सुटे आणून दिले. आतां व्हाउचरें 3,670 झालीं, रोकड 1,277 झाली आणि दोहोंची बेरीज 4,947 आली. तूट उरली 53 रुपये. एखादें व्हाउचर दुसऱ्या फाइलींत गेलें आहे काय, कोणी खर्च स्वतःच्या फोनवरून देऊन नंतर पेटींतून रोख घेतली आहे काय, हेंहि पाहून झालें. या 53 रुपयांचा मात्र कांहीं केल्या उलगडा होईना.

येथें पेटी संभाळणाऱ्यापुढें तीन वाटा येतात, आणि त्यांपैकीं दोन चुकीच्या आहेत.

पहिली वाट लबाडीची, परंतु बहुधा निरुपद्रवी समजली जाणारी. "चहापाणी, 53 रुपये" असें एक व्हाउचर लिहिलें कीं ताळा जमला! पण जो खर्च झालाच नाहीं तो झाला असें सांगणारा हा कागद आहे. उद्यां एवढ्याच युक्तीनें 530 रुपयेहि झांकतां येतील, हें तो कागद लिहिणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला, दोघांनाहि कळून चुकतें. ज्या खर्चाची पावती मिळत नाहीं, उदाहरणार्थ रिक्षाचें भाडें किंवा हमाली, त्याची गोष्ट वेगळी. तेथें पैसे कोणाला, कशासाठीं आणि केव्हां दिले हें माहीत असतें. तें लिहून, पैसे देणाऱ्याची आणि मंजुरी देणाऱ्याची सही घेऊन घरचें व्हाउचर करावें. त्यांत गैर कांहीं नाहीं. पैसे कशावर गेले हेंच जेथें माहीत नाहीं, तेथें व्हाउचर होऊं शकत नाहीं.

दुसरी वाट प्रामाणिक माणसांची आहे, आणि म्हणूनच ती अधिक घातक आहे. व्हाउचरें 3,670 चीं आहेत ना? मग बँकेंतून 3,670 च आणूं, असें ती सांगते. वरकरणीं हें निर्दोष दिसतें, कारण आणलेल्या प्रत्येक रुपयामागें कागद आहे. पण परिणाम काय होतो तो पाहा. पेटींतील 1,277 आणि आणलेले 3,670 मिळून 4,947 होतात. खतावणींत मात्र किरकोळ रोकडीचें खातें 5,000 च दाखवितें. ते 53 रुपये खर्चांत नाहींत, तुटींत नाहींत, आणि पेटींतहि नाहींत. पुढील महिन्यांत बाई रजेवर गेल्या आणि पेटी दुसऱ्या कोणाच्या हातीं आली, कीं त्या महिन्याच्या अखेरीस हेच 53 रुपये त्या नव्या माणसाच्या नांवावर तूट म्हणून उभे राहतील. ज्यानें तो पैसा पाहिलाहि नाहीं, त्याच्यावर संशय येईल. स्वतःची सुटका करून घ्यावयास त्याच्याजवळ एकहि कागद नसेल.

या वाचनालयांत बाईंनीं दुसरीच वाट धरली होती. त्यांनीं 3,670 चा चेक लिहून चिटणीसांपुढें सहीला ठेवला. चिटणीसांनीं विचारलें, "बाई, हा चेक वटवून आणल्यावर पेटींत किती होतील?"

बाईंनीं मनांत बेरीज केली. "चार हजार नऊशें सत्तेचाळीस, साहेब."

"आणि किती असावयास पाहिजेत?"

बाईंनीं चेक परत घेतला आणि तो रद्द करून दुसरा लिहिला.

तिसरी आणि बरोबर वाट ती हीच. चेकची रक्कम व्हाउचरांच्या बेरजेवरून ठरवावयाची नाहीं. ती ठरीव रकमेंतून मोजलेली रोकड वजा करून ठरवावयाची. 5,000 मधून 1,277 गेले, राहिले 3,723. चेक तेवढ्याचा. रोजकीर्दींत टपाल 780, स्टेशनरी 1,265, प्रवास व हमाली 890, आणि किरकोळ दुरुस्ती 735, अशीं खर्चाचीं चार खातीं नांवें टाकावयाचीं. त्यांची बेरीज व्हाउचरांइतकी, म्हणजे 3,670 होते. पांचवें खातें "रोकड तूट-वाढ" या नांवाचें. त्यांत 53 रुपये नांवें. आणि बँकेच्या खात्यास 3,723 जमा. दोन्ही बाजू जमल्या, पेटी भरली, आणि तूट उघड्यावर नोंदली गेली.

या नोंदींत किरकोळ रोकडीच्या खात्याचें नांव कोठेंच आलें नाहीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. पुष्कळांचा घोटाळा येथेंच होतो. तें खातें फक्त दोन प्रसंगीं हलतें: पेटी प्रथम सुरू होते तेव्हां, आणि ठरीव रक्कम वाढवितात, घटवितात किंवा पेटी बंद करतात तेव्हां. महिन्याची भर खर्चाच्या खात्यांवर पडते, पेटीच्या खात्यावर नव्हे. याला एकच अपवाद संभवतो. 31 मार्च आला आणि भर आणावयाची राहिली, तर झालेला खर्च व तूट त्याच वर्षांत नांवें टाकून तेवढी रक्कम किरकोळ रोकडीस जमा करावी लागते. नाहीं तर ताळेबंदांत 5,000 रोख दिसतील आणि पेटींत मात्र कागद असतील.

रोकड जास्त भरली तर हाच हिशेब उलट होतो. व्हाउचरें 3,670 चीं आणि रोकड 1,350 असती, तर बेरीज 5,020 होऊन 20 रुपये वाढावा निघाला असता. चेक 3,650 चा, खर्च 3,670 नांवें, 20 रुपये तूट-वाढ खात्यास जमा. हा वाढावा पाकिटांत घालून पुढच्या तुटीसाठीं राखून ठेवण्याची संवय कांहीं ठिकाणीं असते, ती वाईट. वाढावा हीहि चूकच आहे. व्हाउचर झालें पण पैसे द्यावयाचे राहिले, असा त्याचा अर्थ असूं शकतो, आणि मग कोणी तरी आपल्या पैशाची वाट पाहत असतो.

तूट लिहिली म्हणजे ती माफ झाली असें नव्हे. ती कोणी सोसावी हा निराळा प्रश्न आहे, आणि तो संस्थेच्या चालकांनीं ठरवावयाचा. परंतु तो विचारतां यावा म्हणून आधीं ती वहींत दिसली पाहिजे. या खात्याचा खरा उपयोग वर्षभराच्या ओळींत आहे. सुट्या पैशांच्या देवघेवींत होणाऱ्या साध्या चुका कधीं तुटीच्या बाजूला पडतात, कधीं वाढाव्याच्या. बारा महिन्यांत त्या बऱ्याच अंशीं एकमेकींना खोडतात. उलट दर महिन्यास तूटच येत असेल, आणि तीहि साधारण सारखीच, तर ती नुसती मोजणींतील चूक नव्हे. तेव्हां आगाऊ न सांगतां, पण पेटी संभाळणाऱ्याच्या समक्ष, रोकड मोजावी आणि मोजणीच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्या. भर आणली कीं जुन्या व्हाउचरांवर "रक्कम दिली" असा शिक्काहि मारावा, म्हणजे तेंच व्हाउचर पुढच्या महिन्यांत फिरून पेटींत येत नाहीं.

त्या वाचनालयांत पुढील महिन्यांत बाई खरोखरच रजेवर गेल्या. पेटी एका उमेदवार मुलाकडे आली ती पुऱ्या 5,000 रुपयांनिशीं, आणि दोघांनीं ती मोजून सह्या केल्या. महिनाअखेर त्याचा ताळा 4 रुपयांनीं चुकला. ते 4 रुपये त्याचे होते, आणि आधींचे 53 त्याचे नव्हते, एवढें वहीवरून कोणासहि सांगतां आलें.