पेढे केबिनमध्ये संपले, मग आम्ही पत्र लिहिलं

आजचा एपिसोड एका पत्राबद्दल आहे. हे पत्र आमच्या घरातल्या सात जणांनी मिळून लिहिलं आणि त्याआधी एक चूक केली. चुकीपासूनच सुरू करतो.

आमची आज्जी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला राहते. मागच्या पावसाळ्यात अंगणात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि एका सरकारी रुग्णालयात ती तेरा दिवस होती. डिस्चार्जच्या दिवशी काका दोन किलो पेढे घेऊन आले. एक बॉक्स डॉक्टरांच्या केबिनमध्ये, एक सिस्टरांच्या टेबलावर. दुपारी एकपर्यंत दोन्ही रिकामे. आम्ही गाडीत बसलो तेव्हा आज्जी म्हणाली, "आन् रातच्या मावशीला दिला का रं पेढा?"

नव्हता दिला. रातची मावशी रात्री आठला येणार होती.

आज्जी तिच्याबद्दलच का बोलली, ते सांगतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हातारं माणूस बरेच दिवस उताणं पडून असतं. माकडहाड आणि टाचा गादीवर दाबल्या जातात, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि कातडी आतून खराब व्हायला लागते. त्यालाच आपण बेडसोर म्हणतो. तो टाळायला साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. सांगतात डॉक्टर, पण रात्री दोन वाजता प्रत्यक्ष कूस बदलायला हात लागतात ते मावशीचे आणि वॉर्डबॉय मामांचे.

बेडसोरची सुरुवात ओळखायची खूण म्हणजे लाल डाग. दाबल्यावर तो क्षणभर फिका पडला नाही, तर सावध व्हायचं. पण आज्जीचा रंग काळा-सावळा, आयुष्यभर उन्हात राबलेली. तिच्या अंगावर लाली दिसतच नाही. चौथ्या रात्री मावशीने मला हाक मारली. "दादा, इथं हात लावून बघ. बाकीच्या अंगापेक्षा गरम लागतंय ना? आन् जरा कडक?" खरंच लागत होतं. तिने लगेच सिस्टरना बोलावलं. मग पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली, चादरीच्या चुण्या काढल्या आणि कूस बदलायची वेळ भिंतीवरच्या कागदावर लिहायला सुरुवात झाली. तीन दिवसांत ती जागा नॉर्मल झाली. जखम झाली असती तर आज्जी आणखी किती आठवडे पडून राहिली असती, कोण जाणे.

सफाईवाल्या ताईंचंही तसंच. त्या वॉर्डात कोरडा झाडू मारत नव्हत्या, कारण धूळ उडून टाक्यांवर बसते. ओलं पुसायच्या, आतल्या कॉटपासून दाराकडे, आणि संडास सगळ्यात शेवटी. एकदा काकांनी आज्जीची शुगर तपासायची सुई टिश्यूत गुंडाळून साध्या कचऱ्यात टाकली. ताईंनी ती बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, पिशवी आम्ही हातानं बांधतो." सुया, लॅन्सेट पांढऱ्या डब्यात टाकायच्या, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. आभार मानायचा पहिला प्रकार खरं तर हाच आहे.

घरी आल्यावर आत्याने सगळ्यांना बसवलं. कुणी म्हणालं, पाचशे-पाचशे रुपये देऊ. आत्या म्हणाली, नाही. सरकारी रुग्णालयात 'चहापाणी' फार नाजूक गोष्ट आहे. भेटवस्तू घेण्यावर कर्मचाऱ्यांना बंधनं असतात. आणि आपण प्रेमाने दिलेले पाचशे बघून शेजारच्या कॉटवरच्या बाईला वाटतं, आपणही दिले नाहीत तर आपल्या माणसाकडे लक्ष देणार नाहीत. म्हणून ठरलं की पत्र द्यायचं, आणि तेही डिस्चार्जनंतर. पेशंट वॉर्डात असताना दिलेलं पत्र वशिल्यासारखं दिसतं.

मी पहिला मसुदा लिहिला, 'सर्व कर्मचाऱ्यांनी उत्तम सेवा दिली'. बहिणीने वाचून सांगितलं, "हा तर ॲपचा फाइव्ह स्टार रिव्ह्यू झाला. यातून कुणाला काय कळणार?" बरोबर होतं तिचं. मग आम्ही प्रत्येकाला आठवेल ते लिहायला लावलं. कोण, कुठली शिफ्ट, नेमकं काय केलं.

नावं मिळवणं अवघड गेलं. सिस्टरांची नावं ड्युटी चार्टवर होती. मावशी, मामा आणि सफाईवाल्या ताई मात्र कंत्राटावर होत्या. त्यांची हजेरी ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे, वेगळ्या वहीत. तेरा दिवस ज्यांना मावशी म्हणत होतो, त्यांचं नाव आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. मी आणि काका परत गेलो आणि प्रत्येकाला विचारलं, नाव लिहिलं तर चालेल का?

हे विचारणं फार गरजेचं होतं. एका रात्री मामांनी गेटबाहेर जाऊन आमच्यासाठी डबा आणला होता. मला ते आवर्जून लिहायचं होतं. मामा म्हणाले, "ते नको लिहू. ड्युटी सोडून गेलो असं होईल." आपल्याला जी माया वाटते, ती कागदावर त्यांची चूक ठरू शकते. म्हणून फक्त त्यांच्या कामातलं लिहिलं: एक्स-रेला नेताना आज्जीचा पाय कसा सांभाळून धरला, ते.

पत्र वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे होतं, एका पानाचं. त्यातला एक भाग वाचतो:

"रात्रपाळीच्या मावशींनी चौथ्या रात्री आमच्या आजीच्या टाचेची जागा गरम व कडक असल्याचे ओळखून सिस्टरना कळवले. त्यामुळे जखम झाली नाही. सफाई करणाऱ्या ताईंनी आम्हाला सुई कुठे टाकायची ते शिकवले. डॉक्टरांनी हाड जोडले. आजी जखमेशिवाय घरी आली ती या सर्वांमुळे."

मूळ पत्रात अर्थातच नावं आहेत. खाली सात सह्या आणि आज्जीचा अंगठा. आवक विभागात दिलं, शिक्का घेतला. एक प्रत वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना, एक सुपरवायझरना, आणि शिक्क्याची झेरॉक्स प्रत्येक कंत्राटी कर्मचाऱ्याच्या हातात. कारण ठेकेदार बदलला की त्यांनी इथे काय काम केलं याचा कागद बहुतेकदा त्यांच्याकडे नसतोच. या पत्राने नोकरी पक्की होत नाही, पगारही वाढत नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

अमेरिकेत एका कुटुंबाने अशीच सुरुवात केली होती. पॅट्रिक बार्न्स १९९९ मध्ये ३३ व्या वर्षी वारला. ज्या नर्सेसनी त्याला सांभाळलं, त्यांच्यासाठी घरच्यांनी 'डेझी अवॉर्ड' सुरू केलं. पेशंट आणि नातेवाईक नर्सने काय केलं ते लिहून देतात, त्यावरून निवड होते. आता ते अनेक देशांत दिलं जातं. पण ते नर्सेससाठी आहे. फरशी पुसणाऱ्या ताई त्यात बसत नाहीत.

आणि पेढे? नेले की. या वेळी तीन छोटे बॉक्स, प्रत्येकावर पेनाने लिहिलं: सकाळ, दुपार, रात्र. रात्रीचा बॉक्स मी स्वतः साडेआठला नेऊन दिला. मावशीने तो बाजूला ठेवला, आधी झेरॉक्स उघडली, स्वतःचं नाव शोधलं आणि मला विचारलं, "आज्जी चालती का आता?"

चालते. वॉकर घेऊन, अंगणापर्यंत.