निशाणी पडण्यापूर्वीचा क्षण

अध्यक्षीय भाषण



अध्यक्षपदावरून मुद्रांक कायद्याचा सगळा पट मांडणे मला शक्य नाही आणि तशी गरजही नाही. दाव्यात दस्त दाखल होतो, साक्षीदार त्यावरची सही ओळखतो, आणि न्यायाधीश त्यावर निशाणी क्रमांक टाकण्यासाठी पेन उचलतात. आज मी बोलणार आहे ते त्या एका क्षणाबद्दल. कमी मुद्रांकाच्या दस्ताचे भवितव्य बहुतेक वेळा तिथेच ठरते.

माझ्याकडच्या एका दाव्याची हकिकत सांगतो, नावे सोडून. एका शिक्षकाने 12 लाख रुपयांना भूखंड घेण्याचे ठरवले. 10 जून 2016 रोजी 100 रुपयांच्या मुद्रांकावर साठेखत झाले. संपूर्ण रक्कम पोचली, खरेदीखत मात्र 'पुढे करून देऊ' या बोलीवर राहिले. ते कधीच झाले नाही, म्हणून करारपूर्तीचा दावा लावला. सरतपासणीत साठेखत पुढे केले तेव्हा समोरचे वकील उभे राहिले आणि त्यांनी तिसरे कलम वाचून दाखवले: 'सदर मिळकतीचा प्रत्यक्ष खुला कब्जा लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस आज रोजी दिला आहे.'

सगळी गोम त्या एका ओळीत होती. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतील अनुच्छेद 25 च्या स्पष्टीकरणानुसार, ज्या साठेखताने ताबा दिला जातो ते मुद्रांकापुरते अभिहस्तांतरण, म्हणजे खरेदीखतासारखे मानले जाते. मथळ्यावर 'साठेखत' लिहिले म्हणून शुल्क कमी होत नाही. शुल्क ठरते ते दस्तातल्या मजकुरावरून.

मी तेव्हा एक युक्तिवाद केला, जो आपल्यापैकी अनेकजण आजही करतात. मी म्हणालो, 'निदान ताबा कुणाचा आहे एवढ्या आनुषंगिक कारणापुरता तरी दस्त वाचा.' तो टिकला नाही, आणि टिकायला नकोच होता. नोंदणी न झालेला दस्त आणि मुद्रांक कमी असलेला दस्त, या दोन दोषांची आपण गल्लत करतो. नोंदणी कायद्याच्या कलम 49 च्या परंतुकात करारपूर्तीच्या दाव्यासाठी आणि आनुषंगिक बाबीसाठी सवलत आहे. मुद्रांक कायद्यात तशी वाट ठेवलेली नाही. आपल्या अधिनियमाचे कलम 34 आणि केंद्रीय कायद्याचे कलम 35 म्हणतात की असा दस्त कोणत्याही प्रयोजनासाठी पुराव्यात घेता येणार नाही. अविनाशकुमार चौहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्या शब्दांत आनुषंगिक प्रयोजनही येते.

पण त्याच कलमाच्या परंतुकात दोषाचा उपायही आहे. तुटीचे शुल्क आणि दंड भरा, दस्त पुराव्यात येईल. आमचा हिशेब असा झाला. करारातली किंमत आणि बाजारमूल्य सारखेच होते, त्यावर 5 टक्के दराने शुल्क 60,000 रुपये. भरलेले 100 वजा जाता तूट 59,900. त्या वेळच्या तरतुदीनुसार दंड होता तुटीवर दरमहा 2 टक्के, दस्त निष्पादित झाल्याच्या तारखेपासून, महिन्याचा काही भाग गेला तरी पूर्ण महिना धरून, आणि कमाल तुटीच्या चौपट. प्रश्न निघाला ऑक्टोबर 2019 च्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे चाळिसाव्या महिन्यात. दंड 80 टक्के, 47,920 रुपये. एकूण भरणा 1,07,820 रुपये. दंडाचा दर आणि कमाल मर्यादा वेळोवेळी बदलत आली आहे, म्हणून जुन्या अर्जातला आकडा उतरवून घेऊ नका, त्या दिवशी लागू असलेली तरतूद उघडून पाहा.

या पैशाला दोन वाटा असतात. पक्षकार न्यायालयातच शुल्क आणि दंड भरायला तयार असेल, तर न्यायालय दस्त पुराव्यात घेते आणि त्याची अधिप्रमाणित प्रत व वसुलीचे प्रमाणपत्र मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवते. नाहीतर इम्पाउंड केलेला मूळ दस्तच तिकडे जातो, ते तूट ठरवतात, रक्कम भरल्यावर दस्तावर तसा शेरा मारतात आणि दस्त परत येतो. बाजारमूल्याचा वाद असेल तर दुसरी वाट सुरक्षित, पण दावा तेवढा काळ थांबतो. आम्ही पहिली घेतली. शिक्षकाने कर्ज काढून पैसे भरले आणि साठेखताला निशाणी मिळाली.

आता उलट बाजूने पाहू. समजा त्या दिवशी समोरचे वकील गप्प राहिले असते, निशाणी पडली असती, उलटतपासणीही झाली असती. मग अंतिम युक्तिवादात तूट दाखवून उपयोग नव्हता. एकदा पुराव्यात घेतलेल्या दस्ताला मुद्रांकाच्या कारणावरून त्याच दाव्यात किंवा अपिलात हरकत घेता येत नाही. जावरचंद विरुद्ध पुखराज सुराणा या 1961 च्या निवाड्यात हुंड्यांच्या बाबतीत हेच घडले. हुंड्यांवर निशाण्या पडल्या होत्या, साक्षीपुरावा झाला होता, त्यानंतर त्या बाजूला सारता येणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. म्हणून 'आक्षेप राखून निशाणी दिली, निर्णय शेवटी' हा शेरा मुद्रांकाच्या बाबतीत धोक्याचा आहे. इतर आक्षेप राखून ठेवून साक्ष पुढे न्यावी असे सांगणाऱ्या बिपिन पांचाल निवाड्यानेच मुद्रांकाचा आक्षेप वगळला आहे. त्याचा निर्णय तिथल्या तिथे व्हायला हवा. शिवाय वकील गप्प राहिले तरी न्यायालयाला गप्प राहता येत नाही. कलम 33 नुसार दस्त इम्पाउंड करणे हे न्यायालयाचे स्वतःचे कर्तव्य आहे.

ही दुरुस्ती प्रत्येक कागदाला मिळत नाही, हेही अशिलाला आधीच सांगा. केंद्रीय कायद्याच्या कलम 35 ने वचनचिठ्ठी आणि हुंडी दंडाच्या परंतुकातून वगळल्या आहेत. योग्य तिकीट न लावलेली वचनचिठ्ठी पुढे कितीही दंड भरला तरी पुराव्यात येत नाही.

समोरच्या पक्षाचा कागद 'रद्दबातल' आहे असे बेधडक म्हणण्याची सवय आपण सोडली पाहिजे. मुद्रांक कायदा महसुलासाठी आहे, प्रतिपक्षाच्या हाती तांत्रिक हत्यार देण्यासाठी नाही, हे हिंदुस्तान स्टीलच्या 1969 च्या निवाड्यापासून आपण वाचत आलो आहोत. डिसेंबर 2023 मध्ये लवाद करारांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने तेच ठामपणे मांडले: मुद्रांक नसल्याने दस्त पुराव्यात अग्राह्य ठरतो, करार शून्य होत नाही, आणि हा दोष दुरुस्त करता येतो.

माझे मागणे एवढेच आहे. दाव्याचा मसुदा हाती घेण्यापूर्वी दस्त शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि ताब्याचे वाक्य शोधा. ते सापडले तर त्याच दिवशी तुटीचा हिशेब करून अशिलापुढे ठेवा. त्या शिक्षकाचा दस्त माझ्याकडे 2018 च्या जानेवारीत आला होता, विसाव्या महिन्यात. तेव्हा तिसरे कलम मी वाचले असते तर दंड 23,960 रुपये झाला असता, नेमका निम्मा. उरलेले 23,960 रुपये माझ्या न वाचण्याचे होते, आणि ते भरले त्या शिक्षकाने.