तोतया कोण?

(पदोन्नती मिळालेल्या कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मराठी माणसाला ‘तोतया’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे काही वर्षांनी ‘मीच तो भाऊ’ असे सांगणारा एक इसम उभा राहिला. त्याच्यामागे माणसे जमली, फौजही जमली. अखेर १७७६ साली त्याला देहदंड झाला. हा तोतया मनातून पुरता निश्चिंत असावा, नाहीतर इतका काळ त्याला ते सोंग वठवता आले नसते. आज मला ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ती माणसे नेमकी याच्या उलट आहेत. ती खरी असतात, जागा त्यांना रीतसर मिळालेली असते; पण खुर्चीवर बसल्यापासून त्यांना वाटत राहते की आपण तोतये आहोत आणि एक दिवस हे उघडकीस येणार आहे.

या अवस्थेला मानसशास्त्रात ‘इम्पोस्टर फिनॉमिनन’ म्हणतात. १९७८ साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तिचे प्रथम वर्णन केले. उच्च शिक्षण घेतलेल्या, व्यवसायात नाव मिळवलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांशी झालेल्या संवादावर तो लेख आधारलेला होता. ही भावना पुरुषांतही आढळते, हे पुढे स्पष्ट झाले. तिचे प्रमाण किती, याचे नेमके उत्तर मात्र देता येत नाही. २०२० साली ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हे प्रमाण ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत आढळले. कोणती प्रश्नावली वापरली आणि रेघ कोठे ओढली यावर ते अवलंबून होते. तेव्हा वृत्तपत्रांतून छापून येणारा ‘दहापैकी सात जणांना असे वाटते’ यांसारखा आकडा फारसा मनावर घेऊ नये, असे एक पत्रकार म्हणूनच मी सांगेन. एवढे ध्यानात ठेवावे की हा आजार नव्हे. ही अनुभव समजून घेण्याची एक चुकीची रीत आहे आणि तिचा पिंड पदोन्नतीच्या वेळी सर्वांत चांगला पोसला जातो.

असे का व्हावे? कारण पदोन्नती ही बहुधा जुन्या कामाबद्दल मिळते आणि करावे लागते ते नवे काम. उत्तम कारकून अधिकारी होतो, उत्तम शिक्षक मुख्याध्यापक होतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील अनेक कंपन्यांचे विक्रेते पाहिले गेले. सर्वाधिक विक्री करणाऱ्यांना व्यवस्थापक होण्याची संधी अधिक मिळत होती, पण त्यांच्या हाताखालच्या माणसांची विक्री मात्र तुलनेने घटत होती. विकणे आणि विकणाऱ्यांना सांभाळणे या दोन निराळ्या विद्या आहेत. तेव्हा ‘मला हे जमत नाही’ या जाणिवेत सत्याचा अंश असतोच. गफलत होते ती पुढच्या पायरीवर. ‘या कामाचा अमुक भाग मला अजून येत नाही’ याऐवजी आपण ‘मला काहीच येत नाही, आजवर लोक फसले’ असा निकाल देऊन मोकळे होतो.

माझ्या व्यवसायातलेच एक उदाहरण थोडे विस्ताराने सांगतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दैनिकात माझे एक स्नेही उपसंपादक होते. भाषा निर्दोष, मथळा असा की वार्ताहरालाही आपली बातमी नव्याने कळावी. त्यांच्यावरचे मुख्य उपसंपादक निवृत्त झाले आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी ती जागा यांच्याकडे आली. पेढे वाटून झाले आणि आठवड्याभरात त्यांची झोप उडाली. पाळी सुरू होण्याच्या दोन तास आधी ते कार्यालयात येऊ लागले. हाताखालच्या सहा जणांनी तपासलेली प्रत्येक बातमी पुन्हा स्वतः तपासू लागले. कोणाला काही विचारायचे नाही, कारण विचारले तर अज्ञान उघडे पडेल! परिणामी पहिले पान उशिरा सुटू लागले आणि तालुक्यांना अंक नेणारी गाडी खोळंबू लागली. अंक उशिरा गेला की ते म्हणत, ‘पाहा, माझी लायकी नाही.’ वेळेवर गेला की म्हणत, ‘आज बातम्याच नव्हत्या, नशीब.’ निकाल काहीही लागो, निष्कर्ष एकच. क्लान्स यांनी याच चक्राचे वर्णन केले आहे: धास्ती, मग अतिरेकी तयारी, मग यश, आणि ते यश कष्टाच्या किंवा दैवाच्या खात्यावर टाकून पुन्हा धास्ती.

घरच्यांनी धीर दिला. वहिनी म्हणाल्या, ‘‘अहो, एवढ्या वर्षांचा तुमचा अनुभव आहे, उगाच काय काळजी करता?’’ वाक्य प्रेमाचे होते, पण उपयोग शून्य. ज्याला आपण सर्वांना फसवतो आहोत असे वाटते, त्याला प्रत्येक स्तुती म्हणजे आणखी एक माणूस फसल्याचा पुरावा वाटतो. म्हणून अशा माणसाला कौतुकापेक्षा हिशेब अधिक उपयोगी पडतो.

तो हिशेब त्यांनी एका साध्या शंभर पानी वहीत मांडला. प्रथम नव्या पदाचे तुकडे पाडले. बातम्यांची निवड, भाषा व मथळे, जाहिराती आणि वेळ सांभाळून पाने लावून घेणे, सहा जणांत काम वाटणे, रात्री उशिरा आलेल्या बातमीचा निर्णय. प्रत्येकापुढे तीनपैकी एकच शेरा लिहायचा: अनेकदा केले आहे, दुसऱ्याला करताना पाहिले आहे, कधीच केलेले नाही. पहिल्या दोन कामांपुढे ‘अनेकदा केले आहे’ हाच शेरा आला, तो खोडायला त्यांचे मनही धजेना. शेवटच्या कामाचाही पाळीवर अधूनमधून सराव झाला होता. पाने लावून घेणे त्यांनी पाहिले होते. काम वाटणे मात्र त्यांनी जन्मात केलेले नव्हते. ‘मी तोतया आहे’ या अजस्र वाक्याचे ‘दोन कामे शिकायची आहेत’ असे रूपांतर त्या एका संध्याकाळी झाले.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. पाळी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे निकाल कळण्यापूर्वी, आज काय चुकेल याचा एका ओळीत अंदाज लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी छापील अंक पुढे ठेवून प्रत्यक्षात काय चुकले ते लिहायचे. अंदाज आधी आणि शाईने लिहिणे आवश्यक आहे. नंतर आठवू गेले तर मन ‘मला ठाऊकच होते’ म्हणून मोकळे होते. चार आठवड्यांच्या चोवीस रात्रींचा हिशेब असा निघाला: भाषेत किंवा निवडीत घोटाळा होईल अशी भीती सतरा वेळा लिहिलेली, आणि तसा गंभीर घोटाळा प्रत्यक्षात एकदा. पान उशिरा सुटेल असा अंदाज अवघा तीनदा आणि पान उशिरा सुटले नऊ वेळा. त्या नऊपैकी सात रात्री त्यांनी दुसऱ्यांचे तपासलेले स्वतः पुन्हा तपासले होते. म्हणजे जेथे गुण होता तेथे ते भीत होते, आणि जेथे खरी उणीव होती तिकडे त्यांचे लक्षच नव्हते. आत्मविश्वासाचे कोणतेही पुस्तक त्यांना हे सांगू शकले नसते, कारण हा हिशेब फक्त त्यांचा होता.

तिसरी गोष्ट, प्रश्न विचारण्याची. ‘माझे बरे चालले आहे ना?’ असा प्रश्न विचारू नये. त्याला शिष्टाचाराचेच उत्तर मिळते. त्यांनी पान लावणाऱ्या ऑपरेटरला विचारले, ‘‘काल कोणत्या पानासाठी थांबलास आणि किती मिनिटे?’’ मग निवृत्त झालेल्या साहेबांच्या घरी गेले आणि विचारले, ‘‘साहेब, बातम्या वाचणे आपण किती वाजता थांबवत होता?’’ उत्तर आले, ‘‘अरे, नऊनंतर मी पहिल्या पानाची मुख्य बातमी आणि मथळे एवढेच बघत असे. बाकीचे पोरांवर सोडायचे. चुकतील, सकाळी सांगायचे.’’ या एका वाक्यात त्या पदाचे निम्मे कौशल्य होते आणि ते वाक्य विचारल्याखेरीज मिळणारे नव्हते.

येथे आपल्या संस्कारांविषयी थोडे बोलले पाहिजे. ‘मी काही केले नाही, सर्वांच्या सहकार्याने झाले’ असे म्हणण्याची शिकवण आपल्या घरांतून असते. ती चांगलीच आहे. सभेत, सत्कारात तसेच बोलावे. पण वहीत तसे लिहू नये. सौजन्याची भाषा हिशेबात शिरली की हिशेब खोटा होतो. आमचे स्नेही म्हणत, ‘ज्येष्ठतेने जागा मिळाली, एवढेच.’ जागा रिकामी झाली हा योग होता, खरेच. पण ती यांनाच का दिली, हे त्यांनी कोणाला विचारलेच नव्हते. शेवटी संपादकांना विचारले. ते म्हणाले, ‘‘नवी मुले अडली की तुमच्या टेबलाशी येतात, हे मी पाहत होतो.’’ ज्याला ते आजवर कामातला व्यत्यय समजत होते, तेच निवडीचे कारण होते. सहज जमणाऱ्या गोष्टीला माणूस गुण म्हणून मोजत नाही, असे मला वाटते.

आता कोणी विचारील, की वही खरोखरच नालायकी दाखवू लागली तर? तसेही घडते. काम शिकवले गेले, पुरेसा अवधी मिळाला, आणि सहा महिन्यांनंतरही तीच चूक त्याच ठिकाणी होत आहे, शिवाय ती आपल्या मनाखेरीज नोंदींतही दिसते आहे, तर ते पद आपले नसावे. परत लेखनाकडे वळून सुखी झालेले मुख्य उपसंपादक मी पाहिले आहेत. पण शिकवलेच नसेल, किंवा दोन माणसांचे काम एकावर टाकले असेल, तर दोष माणसाचा नसून व्यवस्थेचा आहे आणि तो वरिष्ठांपुढे आकड्यांनिशी मांडला पाहिजे. आणि दोन-तीन आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, कशातच मन रमत नाही, अशी स्थिती असेल तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. तो प्रांत निराळा आहे.

आमच्या स्नेह्यांनी पुढे साहेबांचा नियम उचलला. नऊ वाजता लेखणी खाली ठेवायची आणि उठून पान लावणाऱ्याच्या शेजारी उभे राहायचे. पहिल्या आठवड्यात आतल्या पानांवर शुद्धलेखनाच्या चुका वाढल्या, ते त्यांना अतिशय जड गेले. सकाळी त्या लाल शाईने खुणावून ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवल्या जाऊ लागल्या. महिन्याभराने चुका घटल्या आणि गाडी वेळेवर सुटू लागली. वहीची अजून साठेक पाने कोरी आहेत, असे ते परवा सांगत होते.