सैल जोड, गरम तार



खोडाळ्याच्या पाड्यांवर आजही कारवीच्या कुडाची घरं आहेत.
कुडाला लागून वायर जाते.
मध्येच ती पिळून, टेप गुंडाळून जोडलेली असते.

असा जोड हळूहळू सैल होतो.
पावसाळ्यात ओल शिरते, तांब्यावर काळपट थर चढतो.
विजेची वाट अरुंद होते.
आणि तिथेच उष्णता तयार होते.

समजा, त्या वायरवर इस्त्री लावली.
सैल जोडात दहा वॅट उष्णता सहज तयार होऊ शकते.
तीही तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत!
टेप वितळतो, शेजारची कारवी पेट घेऊ शकते.

मग फ्यूज का उडत नाही?
कारण फ्यूज जास्त करंटला उडतो.
इथे करंट वाढलेलाच नसतो.
लक्षात ठेवा, सैल जोड फ्यूजला दिसत नाही.

खुणा ओळखा.
दिवा लुकलुकतो.
जळका वास येतो.
टेप काळा पडतो.
यातलं काही दिसलं, तर आधी मेन स्विच बंद करा.

मग वायरमनकडून जोड बदलून घ्या.
वीज बंद आहे का, ते तो टेस्टरने तपासेल.
वायरचं टोक सोलून स्क्रूच्या कनेक्टरमध्ये घालेल.
स्क्रू आवळून वायर ओढून पाहील.
सुटली नाही, तरच जोड पक्का.
कनेक्टर बंद डबीतच हवा.
तांबं आणि ॲल्युमिनियम मात्र थेट जोडू नये.

पुन्हा सांगतो,
सैल जोड फ्यूजला दिसत नाही.
म्हणून टेप नको, कनेक्टर हवा.