तीनशे साठ डॉलरची चूक
(आयसेलिन येथील सभासद-सभेतील मनोगत)



गेल्या महिन्याची तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, जुळेना आणि औषध-साहाय्याचे पुढचे चेक अडले. चिटणिसांनी फोनवर पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये नावे बाजूची बेरीज ४७,५९० डॉलर होती, तर जमा बाजूची ४८,३१०. फरक ७२० चा.

बेरजा पुन्हा केल्या, त्या बरोबर होत्या. मग फरक निम्मा केला. रक्कम चुकीच्या बाजूला गेली, की फरक तिच्या दुप्पट पडतो. म्हणून ३६० शोधले. औषध-साहाय्य खात्यापुढे तेवढीच रक्कम होती, पण जमा रकान्यात! खर्चाचे खाते नावे बाजूला हवे.

७२० ला ९ नेही भाग जातो, त्यामुळे १९० चे ९१० असे आकडे उलटले असण्याचाही संशय होता. म्हणून मूळ चेकबुक पाहिले. चेक ३६० चाच होता. बँक खात्यात तो जमा बाजूला बरोबर लिहिला होता. खतावताना औषध-साहाय्यातही मी जमाच लिहिले. दुरुस्तीनंतर दोन्ही बाजू ४७,९५० झाल्या आणि चेक निघाले.

मात्र जुळलेली तेरीज सगळ्या चुका दाखवत नाही. औषधांसाठीची देणगी अन्नदानात जमा झाली, तरी बेरजा जुळतातच. म्हणून विनंती, चेकवर मेमोच्या ओळीत ‘औषध-साहाय्य’ असे कारण अवश्य लिहा.